बिल असं आखा की समोरच्याला पैसे भरताना फोन करावा लागू नये

कुडाळला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पोस्टरं आणि बिलबुकं ही इथली रोजची कामं. बिल नुसतं छान दिसून भागत नाही, ते वाचताही यावं लागतं, हे मला एका काजू कारखान्याच्या बिलानं शिकवलं. वेंगुर्ल्याजवळ एक काकू हा कारखाना चालवतात आणि पुण्यातल्या एका सुकामेव्याच्या दुकानाला माल देतात. त्यांचं बिल मीच आखलं होतं. माल पोचला, दुकानदाराला आवडला, तरी पैसे चाळीस दिवस आले नाहीत. काकूंनी दुकानात फोन केला तेव्हा कळलं की द्यायचं नाही असं कुणाच्याच मनात नव्हतं. तिथल्या हिशेबनिसाला तीन शंका होत्या. त्या विचारायच्या राहून गेल्या आणि बिल टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून राहिलं.

काकू माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बिल त्येंका गावला, पण पैसे खंय आनी किती भरूचे ता कळाक नाय." त्या दिवशी ते बिल आम्ही दोघांनी समोर ठेवलं आणि पहिल्यापासून नव्यानं आखलं. ते काम ज्या क्रमानं झालं, त्याच क्रमानं इथे लिहितो. उदाहरण काजूगराचं आहे. आंबापोळी, कोकम आगळ, होमस्टे किंवा बोटीचं दुरुस्तीकाम, यांच्या बिलालाही हाच सांगाडा चालतो.

आधी जुनं बिल दुसऱ्याच्या हातात द्या

संगणक उघडण्याआधी जुन्या बिलाची एक प्रत घ्या आणि तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला द्या. दहा मोजा आणि बिल परत घ्या. मग तीन गोष्टी विचारा: किती पैसे भरायचे, कधीपर्यंत भरायचे, कुठे भरायचे. काकूंचं बिल मी शेजारच्या झेरॉक्सवाल्या मुलाला दिलं. त्याला कारखान्याचं नाव सांगता आलं, काजूचं चित्र आठवलं आणि तीन मोबाईल नंबर होते हेही आठवलं. रक्कम मात्र त्यानं चुकीची सांगितली.

चूक त्याची नव्हती. पानाचा वरचा तिसरा हिस्सा नाव, चित्र आणि नंबरांनी भरलेला होता. त्याखाली अकरा रकान्यांचं कोष्टक होतं, कारण सीजीएसटीचा दर, सीजीएसटीची रक्कम, एसजीएसटीचा दर आणि एसजीएसटीची रक्कम असे चार रकाने प्रत्येक ओळीला जोडलेले होते. आगाऊ आलेले 25,000 रुपये काकूंनी कोपऱ्यात पेनानं लिहिले होते. बँकेचा तपशील सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, "चू. भू. द्या. घ्या." आणि "न्यायक्षेत्र वेंगुर्ला" यांच्या गर्दीत होता.

बिल कोणाकोणाच्या हातात जातं ते लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पुढचा सगळा क्रम मात्र हिच्यावरच ठरतो, म्हणून इथे थोडं थांबा.

पुण्यातल्या त्या दुकानात बिल चार जणांच्या हातून जातं. टेम्पोतून डबे उतरवणारा माणूस फक्त मालाची ओळ बघतो: कुठला माल, किती डबे, किती किलो. मालक दर आणि एकूण रक्कम बघतो. हिशेबनिसाला दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, मालाचा एचएसएन कोड आणि कर लागतो. शेवटी बँकेतून पैसे पाठवणाऱ्याला रक्कम, तारीख आणि खातं एवढंच हवं असतं. छोट्या दुकानात ही चारही कामं एकच माणूस करतो, पण एका वेळी नाही. माल उतरवताना तो एक भाग बघतो आणि रात्री हिशेबाला बसल्यावर दुसरा.

म्हणून पानाचे चार पट्टे करायचे आणि प्रत्येक माणसाला लागणारी माहिती एकाच पट्ट्यात ठेवायची. सगळ्यात वर कोणाकडून, कोणाला, कुठलं बिल. मग माल. मग बेरीज आणि कर. शेवटी पैसे कसे भरायचे. एका माणसाची माहिती तीन ठिकाणी विखुरली की तो एखादी गोष्ट शोधत बसतो, आणि सापडली नाही की बिल बाजूला ठेवतो.

काय असायलाच हवं

जीएसटी नोंदणी असेल तर टॅक्स इनव्हॉइसवर काय काय हवं ते नियमात ठरलेलं आहे: तुमचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर, खरेदीदाराचे तेच तपशील, बिल नंबर आणि तारीख, मालाचं वर्णन, एचएसएन, वजन किंवा नग, सूट वजा करून उरलेली करपात्र रक्कम, कराचा दर, कराची रक्कम आणि सही. खरेदीदार परराज्यातला असेल तर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासह लिहावं लागतं. नुसता ताजा आंबा विकणाऱ्या बागायतदाराचा माल करमुक्त आहे. तो नोंदणीकृत असला तरी टॅक्स इनव्हॉइस देत नाही, बिल ऑफ सप्लाय देतो, आणि त्यात कराचा पट्टाच येत नाही. हे मथळ्यात स्पष्ट लिहा, नाहीतर खरेदीदाराचा हिशेबनीस कर शोधत राहतो.

बिल नंबराकडे विशेष लक्ष द्या. तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच चालतं, आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा येता कामा नये. काकूंच्या बिलबुकावर नुसतं 147 छापलेलं होतं, पण त्यांचे कर सल्लागार विवरणपत्रात `VK/147` भरत होते. दुकानाच्या हिशेबनिसाला जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-2बी या खरेदीच्या यादीत एक नंबर दिसे आणि कागदावर दुसरा. कराचं क्रेडिट जुळतंय की नाही याची खात्री होईपर्यंत तो बिल पुढे पाठवत नव्हता. त्याच्या तीन शंकांपैकी पहिली हीच होती. आता नंबर असा आहे आणि कागद, पीडीएफ, विवरणपत्र या तिन्ही ठिकाणी अक्षरशः असाच जातो:

```
VK/25-26/0147
```

पुढची शून्यं शोभेची नाहीत. फाईलच्या नावात तो नंबर घातला की संगणकात बिलं आपोआप क्रमानं लागतात. फाईलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, तिथे आडवी रेघ घाला.

पान आखा: समास, पट्टे आणि मोकळी जागा

ए4 कागद 210 मिलिमीटर रुंद असतो. डावा समास 25 मिलिमीटर ठेवा आणि उजवा 15. डावीकडे जास्त का, तर दुकानात बिलाला पंच मारून फाईलला लावतात आणि भोकाचा मध्य कडेपासून साधारण 12 मिलिमीटरवर येतो. समास अरुंद असेल तर भोक नेमकं अनुक्रमांकावर किंवा खाते क्रमांकाच्या पहिल्या आकड्यावर पडतं. छापायच्या आधी कोऱ्या कागदाला पंच मारून तो नमुन्यावर ठेवून बघा.

पट्टे वेगळे दिसावेत म्हणून चौकटीत चौकट काढायची गरज नसते. दोन पट्ट्यांमधली जागा पट्ट्यातल्या दोन ओळींमधल्या जागेपेक्षा स्पष्टपणे जास्त असली की डोळा त्यांना आपोआप वेगळं समजतो. मी ओळींमध्ये 2 मिलिमीटर मोकळे ठेवले असतील तर पट्ट्यांमध्ये 8 ठेवतो. चार मिलिमीटर ठेवले तर ते चुकून सुटल्यासारखे दिसतात.

सगळ्यात वर काकूंना "श्री देवी सातेरी प्रसन्न" हवं होतं, आणि ते असलंच पाहिजे. ते मध्यभागी, 9 पॉइंटात, एका ओळीत ठेवलं. काजूचं चित्र काढलं. तीन मोबाईल नंबरांऐवजी एकच ठेवला, ज्यावर बिलाबद्दल बोलणारा माणूस खरोखर फोन उचलतो. अशा रीतीनं वरचा भाग 95 मिलिमीटरवरून 40 वर आला.

त्याखाली दोन स्तंभ: डावीकडे "बिल कोणाला", उजवीकडे बिल नंबर, तारीख, भरायची रक्कम आणि भरायची मुदत. रक्कम आणि मुदत खालीही येणारच आहेत. वर मुद्दाम पुन्हा लिहायची, कारण पीडीएफ मोबाईलवर उघडली की आधी पानाचा वरचा भाग दिसतो आणि बरेच मालक तेवढाच बघतात.

मुदत लिहिताना "15 दिवसांत" असं लिहू नका. पंधरा दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, याचा हिशेब जो तो आपल्या सोयीनं करतो. नेमकी तारीख लिहा. या बिलाची तारीख 12 सप्टेंबर 2025 होती. पंधरा दिवस धरले तर 27 तारीख येते आणि तो चौथा शनिवार, बँका बंद. म्हणून आम्ही "सोमवार, 29 सप्टेंबर 2025 पर्यंत" असं लिहिलं. वार लिहिला की माणूस कॅलेंडर न बघता कामाची आठवण ठेवतो.

मालाचं कोष्टक

डावा-उजवा समास सोडून 170 मिलिमीटर उरतात. ते असे वाटले: अनुक्रमांक 10, माल 62, एचएसएन 18, वजन 20, दर 25, रक्कम 35. अकरा रकान्यांचे सहा झाले. डब्यांची संख्या वेगळ्या रकान्यात न घालता मालाच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत गेली, कारण ती फक्त माल उतरवणाऱ्याला लागते आणि तो माल मालाच्या नावावरूनच शोधतो.

समजण्यापुरते दर धरून काकूंचं बिल असं होतं. 240 नंबर काजूगर, 10 किलोचे 4 डबे, 40 किलो, दर 920, रक्कम 36,800. 320 नंबर काजूगर, 6 डबे, 60 किलो, दर 850, रक्कम 51,000. पाकळी, 2 डबे, 20 किलो, दर 740, रक्कम 14,800. एकूण करपात्र रक्कम 1,02,600.

नंबराचा अर्थ व्यापाऱ्याला ठाऊक असतो: एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात, म्हणून 240 मोठा आणि 320 त्याहून लहान. तरी बिलावर "काजूगर" आधी आणि नंबर नंतर लिहा. जुन्या बिलात नुसतं "240" लिहिलं होतं आणि शेजारच्याच रकान्यात दर होता. एका नवख्या माणसानं 240 हाच दर समजून पूर्ण बिल परत तपासायला ठेवलं होतं.

आकड्यांचे रकाने उजवीकडे टेकवा, शब्दांचे डावीकडे. आकडे मध्यभागी ठेवले की 36,800 आणि 1,02,600 यांचे एकक-दशक एकाखाली एक येत नाहीत आणि बेरीज डोळ्यानं तपासता येत नाही. पैसे दाखवायचे तर सगळ्या ओळींत दोन दशांश दाखवा, नाहीतर कुठेच नको. एका ओळीत 36,800 आणि दुसऱ्यात 51,000.00 असं असलं की नजर अडखळते.

उभ्या रेघा काढून टाका. शीर्षकाखाली एक रेघ, शेवटच्या ओळीखाली एक, आणि हवं तर मधल्या ओळींखाली अर्ध्या पॉइंटाची बारीक रेघ एवढं पुरतं. एकाआड एक राखाडी पट्टे पडद्यावर सुरेख दिसतात, पण झेरॉक्स काढली की त्यांचे ठिपके होतात आणि आकडे त्यात बुडतात.

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये काही वेळा आकडा 102,600 असा पडतो. आपल्याकडे लाखाचा स्वल्पविराम लागतो. त्यासाठी रकाना निवडा, नंबर फॉरमॅटमध्ये कस्टम घ्या आणि हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

टाकल्यावर 102600 लिहून बघा. 1,02,600.00 दिसलं की काम झालं. हा फॉरमॅट उणे आकड्यांसाठी नाही. एक लाखाच्या वरची रक्कम वजा असेल तर लाखाचा स्वल्पविराम पडत नाही, म्हणून मोठी आगाऊ रक्कम किंवा परतावा दाखवताना आकडा अधिकच ठेवा आणि शेजारच्या ओळीत "वजा" असा शब्द लिहा.

बेरीज आणि कर

काजूगरावर 5 टक्के जीएसटी आहे आणि तिन्ही ओळींचा एचएसएन 0801 हाच. दर एकच असताना प्रत्येक ओळीत कर मोजून दाखवायचं काही कारण नाही. रकमेच्या रकान्याखालीच, उजवीकडे टेकवून, एक छोटा उतरता हिशेब लिहा:

करपात्र रक्कम: 1,02,600
सीजीएसटी 2.5%: 2,565
एसजीएसटी 2.5%: 2,565
बिलाची एकूण रक्कम: 1,07,730
वजा, आगाऊ मिळाले: 25,000
भरायची रक्कम: 82,730

हिशेबनिसाची दुसरी शंका इथे मिटली. जुन्या बिलात ठळक अक्षरात फक्त 1,07,730 होते आणि 25,000 कोपऱ्यात पेनानं. त्याला बँकेतून किती पाठवायचे हेच नक्की करता येत नव्हतं. आगाऊ रक्कम कुठल्या तारखेला आली तेही त्याच ओळीत लिहिलं तर त्याला बँकेच्या पासबुकात ती लगेच सापडते. अक्षरी रक्कम लिहायचा आपला रिवाज आहे. ती बिलाच्या एकूण रकमेची लिहा आणि आधी "बिलाची एकूण रक्कम अक्षरी" असे शब्द घाला. नुसतं "अक्षरी" लिहिलं तर वाचणारा ती भरायच्या रकमेशी जुळवू लागतो.

दोन वेगळ्या दरांचा माल एकाच बिलात असेल तर कोष्टकात दराचा एक रकाना घाला आणि खाली प्रत्येक दराची करपात्र रक्कम आणि कर वेगळ्या ओळीत द्या. गोव्यातल्या दुकानाला माल गेला तर सीजीएसटी-एसजीएसटीच्या दोन ओळींऐवजी आयजीएसटी 5% ही एक ओळ येते आणि वर "पुरवठ्याचं ठिकाण: गोवा (30)" लागतं. एकाच नमुन्यात तिन्ही कर छापून नको ते रिकामे ठेवू नका. महाराष्ट्राचा एक आणि परराज्याचा एक असे दोन नमुने करून ठेवा.

पैसे भरायची चौकट

सगळ्या पानात चौकट एकच काढा, आणि ती इथे. चौकट एकच असली की नजर तिथे जातेच. डाव्या बाजूला, बेरजेच्या शेजारी किंवा लगेच खाली, साधारण 100 मिलिमीटर रुंद. आत हा क्रम: भरायची रक्कम, मुदत, खातेदाराचं नाव, बँक आणि शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी, यूपीआय आयडी. उजव्या कोपऱ्यात क्यूआर.

खातेदाराचं नाव पासबुकावर आहे अगदी तसंच लिहा. काकूंच्या बिलावर कारखान्याचं नाव होतं आणि खातं होतं त्यांच्या स्वतःच्या नावावर. आता नेटबँकिंगमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव तपासता येतं. तिथे वेगळं नाव दिसलं की पाठवणारा हात आखडता घेतो, आणि ते बरोबरच आहे. ही तिसरी शंका होती. आम्ही कारखान्याच्या नावाखाली "प्रोप्रायटर" म्हणून काकूंचं नाव घातलं, आणि चौकटीत पासबुकावरचं.

खाते क्रमांक वाचायला सोपा जावा म्हणून चार-चार आकड्यांत तोडायचा मोह होतो. तो टाळा. पीडीएफमधून कॉपी केल्यावर मधल्या मोकळ्या जागाही बरोबर येतात आणि काही बँकांच्या पडद्यावर तो क्रमांक नाकारला जातो. त्याऐवजी तो 12 पॉइंटात, सलग, ठळक लिहा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, ओ नाही. ज्या फाँटात 0 आणि O सारखे दिसतात तो इथे वापरू नका.

क्यूआरमध्ये रक्कम आणि बिल नंबर आधीच भरून देता येतात. त्यामागचा मजकूर असा असतो, आणि तो कुठल्याही क्यूआर बनवणाऱ्या साधनात टाकता येतो:

```
upi://pay?pa=tumcha-id@bank&pn=VK%20Kaju&am=82730.00&cu=INR&tn=VK-25-26-0147
```

छापील क्यूआर किमान 25 ते 30 मिलिमीटरचा ठेवा, चारही बाजूंनी पांढरी जागा सोडा, आणि जागेत बसवण्यासाठी तो एका बाजूनं ताणू नका. यूपीआयनं एका दिवसात साधारण एक लाखापर्यंतच पाठवता येतात. इथे 82,730 होते म्हणून क्यूआर कामाचा ठरला. मोठ्या बिलात खाते क्रमांकच मुख्य ठेवा. यूपीआय आयडी अक्षरांतही लिहा, कारण ज्याच्या मोबाईलवरच बिल उघडलंय तो स्वतःचाच पडदा स्कॅन करू शकत नाही.

सही आणि शिक्क्याची जागा या चौकटीपासून लांब, उजवीकडे खाली, 60 बाय 25 मिलिमीटर मोकळी सोडा. मी पहिल्या नमुन्यात ती चौकटीला खेटून ठेवली. काकूंचा गोल निळा शिक्का क्यूआरच्या कोपऱ्यावर बसला आणि क्यूआर वाचला जाईना. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" वगैरे अटी, गाडी नंबर आणि लागत असेल तर ई-वे बिल नंबर तळाशी दोन ओळींत बसतात.

उद्यम नोंदणी असलेल्या कारखानदारानं आणखी एक ओळ घालावी: उद्यम नंबर आणि "सूक्ष्म उद्योग". 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर खरेदीदारानं 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. चांगल्या हिशेबनिसाला हे ठाऊक असतं. त्याला फक्त तुम्ही त्या वर्गात येता हे बिलावर दिसायला हवं. ज्याला द्यायचेच नाहीत त्याच्यावर बिलाच्या मांडणीचा परिणाम होत नाही. तिथे या ओळीचा उपयोग होतो.

फाँट आणि आकार

एकच फाँट घ्या आणि त्याचेच साधा आणि ठळक हे दोन प्रकार वापरा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतात, दोन्हीत मराठी आणि इंग्रजी अक्षरं एकमेकांशी जुळतात, आणि दोन्ही युनिकोड आहेत. जुन्या बिगर-युनिकोड फाँटात केलेलं बिल पडद्यावर मराठी दिसतं, पण आत वेगळीच अक्षरं असतात. हिशेबनिसानं पीडीएफमध्ये तुमचं नाव शोधलं तर ते सापडत नाही, आणि एक्सेल फाईल पाठवलीत तर त्याच्याकडे नुसती खिचडी दिसते.

आकार पाच पुरतात: कारखान्याचं नाव 18 पॉइंट, भरायची रक्कम 16 ठळक, खाते क्रमांक 12 ठळक, बाकी मजकूर 11, तळाच्या अटी 9. त्याखाली जाऊ नका. ठळक फक्त भरायची रक्कम, मुदत, खाते क्रमांक आणि कोष्टकाची शीर्षकं.

मराठीत ओळीची उंची हा खरा मुद्दा आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि ऋकार. एक्सेलची नेहमीची ओळ 15 पॉइंट उंच असते. तिच्यात 11 पॉइंटाचं "एकूण" किंवा "मूल्य" घातलं तर ऊकाराची शेपटी कापली जाते. ओळीची उंची 22 पॉइंट करा आणि मजकूर उभ्या दिशेनं मध्यभागी ठेवा.

आकडे एकाखाली एक नीट बसतात का ते बघायला एका ओळीत 1111111 आणि खालच्या ओळीत 8888888 लिहा. दोन्ही ओळी सारख्याच लांब असतील तर तो फाँट बिलाला चालेल. एकच्या ओळीची लांबी कमी भरली तर रकमेच्या रकान्यात दुसरा फाँट घ्या. आकडे 1, 2, 3 असेच ठेवा. खाते क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला तर तो बँकेच्या पडद्यावर चालत नाही, आणि एकाच पानावर दोन्ही अंक आले की वाचणारा गोंधळतो. रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010 सालचं आहे. जुन्या फाँटात त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. तसं झालं तर सरळ "रु." लिहा.

भाषेबद्दल माझं मत असं आहे की प्रत्येक शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापू नका. ओळी दुप्पट होतात आणि मोकळी जागा संपते. पुण्या-मुंबईच्या दुकानाला मराठी, बंगळूरला इंग्रजी, असे नमुने वेगळे ठेवा.

पाठवण्याआधी

एक प्रत काळ्या-पांढऱ्यात छापा, तिची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. त्यावर खाते क्रमांक वाचता आला आणि क्यूआर स्कॅन झाला तर बिल पुढे पाठवायला तयार आहे. पीडीएफ दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडा आणि बोटानं मोठं न करता रक्कम दिसते का ते बघा. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका. फोटो दाबला जातो, बारीक अक्षरं पुसट होतात आणि काही कॉपीही करता येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफच पाठवा.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. आंबोली घाटातून जाणाऱ्या टेम्पोत मालाबरोबर बिलाची प्रत असते, आणि बऱ्याच इंकजेट प्रिंटरची शाई दमट हातानंही पसरते. लेझर प्रिंट काढा आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून चालकाकडे द्या.

नव्या नमुन्यातलं पहिलं बिल गेलं तेव्हा पैसे मुदतीच्या तीन दिवस आधी आले. त्या दुकानाच्या हिशेबनिसाचा फोनही आला, पण या वेळी शंका नव्हती, एक मागणी होती: "आमचा ऑर्डर नंबर तुमच्या बिल नंबराच्या खाली छापाल का? म्हणजे मला रजिस्टर उघडावं लागणार नाही." उजव्या स्तंभात एका ओळीची जागा होती. ती ओळ आम्ही त्याच दिवशी घातली.